दुसऱ्याच्या नावचा नमस्कार

ही गोष्ट तुमच्यातला एकजणही खरी मानणार नाही, याची हमी मी आधीच देऊन ठेवतो. मी स्वतः ती पहिल्यांदा सांगितली तेव्हा माझासुद्धा माझ्यावर विश्वास बसला नव्हता. पण चेंबूरच्या या रिक्षा स्टँडवर मी अख्खी हयात काढली आहे, आणि इथं बसून आजवर जेवढं बोललो त्यातलं निम्मं तरी खरं निघालेलं आहे. हो की नाही रे कर्णा?

कर्णा म्हणजे कर्णबहादूर, समोरच्या मयूर सदनचा वॉचमन. नेपाळातून आला तेव्हा याला धड मिशी फुटली नव्हती, आता भुवयासुद्धा पिकल्या. खुर्ची गेटाबाहेर ओढून बसलाय आणि मान हलवतोय. ती मान होकाराची आहे की डुलकीची, ते मला विचारू नका.

"चाचा, लवकर सुरू करा. लाइन पुढं सरकली की मी निघालो," असं म्हणणारा हा इरफान. चांगला ड्रायव्हर आहे. फक्त गिऱ्हाइकाकडं बघत नाही. गिऱ्हाईकही याच्याकडं बघत नाही. "घाटला?" असं कुणीतरी हनुवटीनं विचारतं, हा हनुवटीनंच नाही म्हणतो, आणि दोन हनुवट्यांचा व्यवहार संपतो.

तर मामी.

मयूर सदनच्या चौथ्या मजल्यावर अलमेलू मामी राहायची. तमिळ बाई, वीणा शिकवायची. नवरा रेल्वेत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी कामाक्षी, ती लग्न करून कोइम्बतूरला. मामीचं मराठी असं, की एकेक शब्द धुऊन, पुसून, ताटात मांडल्यासारखा. रोज सकाळी ती छेडानगरच्या देवळात जायची. घराच्या दारापासून रिक्षापर्यंत यायला तिला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात दुसरा माणूस देवळात जाऊन परत आला असता. कारण मामी वाटेतल्या प्रत्येकाला नमस्कार करत यायची.

"मग त्यात काय? आमच्या तिसऱ्या गल्लीतला वकीलसुद्धा सगळ्यांना हाय करतो," इरफान म्हणाला.

तुझा वकील चालता चालता फेकतो, बाबा. उष्टं खरकटं कुत्र्याला टाकावं तसं. मामी थांबायची. पिशवी हातातून कोपरात सरकवायची, ज्याचा नमस्कार त्याच्याकडं अख्खं अंग वळवायची, हात जोडायची आणि नाव घ्यायची. आणि मग, हे नीट ऐक, उत्तराची वाट बघायची. उत्तर आल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. उत्तर नाही आलं तर तिथंच उभी. रागानं नव्हे हं. आतून कोणी दार उघडेपर्यंत पाहुणा थांबतो ना, तशी.

नावाचीही रीत होती. नवा माणूस भेटला की पहिल्या दिवशी विचारायची, "तुमच्याकडे मोठ्या माणसाला मानानं काय म्हणतात?" लिफ्टवाला जोखूराम जौनपूरचा, म्हणून तो जोखूजी. कर्णा म्हणाला आमच्यात थोरल्या भावाला दाजू म्हणतात, तेव्हापासून तो कर्ण दाजू. मामीपेक्षा हा लहान, पण दाजू! घरी धुणंभांडी करणारी हौसाबाई, तिला सगळी बिल्डिंग "ए हौसे" म्हणायची. मामी दार उघडून म्हणायची, "नमस्कार हौसाबाई, या." आणि कॉफी द्यायची ती आपल्यासारख्याच पितळी पेल्यात. खिडकीत उपडा ठेवलेला कान तुटका कप त्या घरात नव्हता. हौसाबाई पहिल्या दिवशी तो कप शोधत राहिली आणि कॉफी निवली.

हा नमस्कार काय ताकदीचा होता ते सांगतो. जोखूची लिफ्ट हँडलची. बाकीच्यांसाठी ती मजल्याच्या कधी बोटभर वर, कधी वीतभर खाली थांबायची, माणसं ठेचकाळायची. मामी आत येऊन "नमस्कार जोखूजी" म्हणाली, की जोखू मजला विचारत नसे आणि ती सांगत नसे. लिफ्ट खाली टेकायची ती जमिनीशी अशी बरोबर, की वरून गोटी सोडावी तर अडकू नये. एकदा तर जोखूनं हँडलला हात लावायच्या आधीच लिफ्ट दोन बोटं उचलली गेली होती. नमस्काराचं उत्तर म्हणून.

"चाचा!"

बरं, एक बोट.

आणि हा कर्णा. यानं पैज घेतली होती की एक दिवस मामीच्या आधी मी नमस्कार करणार. मामीला काचबिंदू झालेला, नुसत्या सावल्या दिसायच्या, तरी हा कधी जिंकला नाही. एकदा जिन्याखाली लपून बसला. लिफ्टचं दार उघडलं, यानं तोंड उघडलं, तोवर जिन्याखाली नमस्कार पोचलासुद्धा होता! ती येताना दिसली की हा खुर्चीतून ताडकन उभा राहायचा. मामी म्हणाली, "बसा दाजू. रात्रभर उभे होतात." हा बसेना. तर तीही जागची हलेना. शेवटी हा बसला, बसून नमस्कार केला, तेव्हा ती गेली. मग सेक्रेटरीनं याला झापला, वॉचमन बसून सलाम घेतो म्हणजे काय! हा म्हणाला, साहेब, मी उठलो तर म्हातारी उभी राहते, तुम्हीच ठरवा दोघांतलं कुणी उभं राहायचं.

"हे खरंय," कर्णा म्हणाला. म्हणजे झोपलेला नव्हता.

गेटातून बाहेर आलं की समोर आमची लाइन. सगळ्यात पुढं कायम एकच रिक्षा, दामोदर शेलारची. दामू पहाटेच येऊन नंबर लावायचा. स्वतःच्या परमिटचा मालक, म्हणून अंगात पांढरा सदरा. आणि गालात तंबाखूचा असा तोबरा, की दुपारपर्यंत त्याचा आवाज कुणी ऐकलेला नसे. मामी समोर येऊन म्हणायची, "नमस्कार, दामोदरराव." दामूला तोंड उघडायची सोय नाही. तो रबरी भोंग्याचा फुगा अर्धाच दाबायचा. पों नाही, नुसता प... असा. त्यात कोवळेपणा असा, की भोंग्याचा आहे असं सांगून पटायचं नाही. मामी हसायची आणि बसायची. दामू मीटर पाडायचा. देवळापाशी उतरताना ती म्हणायची, "येते हं, दामोदरराव." परत अर्धा भोंगा. कित्येक वर्षांत दोघांचं संभाषण एवढंच. नवराबायकोचं एवढं टिकत नाही.

मी त्याच रिक्षावर रात्रपाळीला होतो. परमिट नाही, मालकी नाही, म्हणून अंगात खाकी. दामू आला की मी गाडी त्याच्या हवाली करायचो आणि स्टँडच्या पलीकडं टपरीवर चहा घेत तो सोहळा बघायचो. मामीचा नमस्कार रोज माझ्या समोरून जायचा आणि दुसऱ्याला मिळायचा. मला तिनं कधी नाव विचारलं नाही. विचारणार कशी? तिला टपरीवरचा माणूस दिसतच नव्हता.

आता माझं नाव तुम्हाला ठाऊक आहे. भिकाजी. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं मला देवाकडून भीक मागून घेतलं आणि नाव ठेवलं. जन्मभर सगळे भिक्या म्हणाले. शाळेत भिक्या, गॅरेजात भिक्या, आरटीओच्या खिडकीत "ए भिका". यांनी आणि त्यांनी, कुणीही त्या नावाला कधी राव लावलेलं नाही. मला चहा पिता पिता वाटायचं, या मामीनं एकदा, एकदाच, माझ्याकडं अख्खं अंग वळवून म्हणावं, नमस्कार, भिकाजीराव. आणि मी उत्तर देईपर्यंत थांबावं. मी उत्तर द्यायला मुद्दाम उशीर केला असता.

"घरी चाचीला सांगायचं ना म्हणायला," इरफान म्हणाला.

सांगितलं होतं की! एकदा चूल पेटवताना तिला म्हणालो, जरा हात जोडून म्हण, नमस्कार भिकाजीराव. ती म्हणाली, "नमस्कार भिकाजीराव, रॉकेलची रांग लागलीय, डबा उचला." तसलं मागून घेतलेलं अंगाला लागत नाही.

मग दामू गेला. खटावला, त्याच्या गावी, पुतण्याच्या लग्नाला म्हणून गेला आणि मांडवात बसल्या बसल्या गेला. स्टँडवर बातमी आली, आम्ही गाड्या बंद ठेवल्या. पण मामीला कुणी सांगायचं? कर्णाला वाटलं जोखू सांगेल, लिफ्टमध्ये एकांत असतो. जोखूला वाटलं हौसाबाई सांगेल, बायकांना जमतं. हौसाबाई म्हणाली, मी काय मेल्या बातम्या वाटायला ठेवलीय? मामी रोज खाली यायची, लाइनीसमोर थांबायची, दामूच्या गाडीचा आवाज कुठं लागतोय का ते ऐकायची. "दामोदरराव?" असं विचारायची. कुणीतरी म्हणायचं, गावी गेलेत, मामी. ते खोटंही नव्हतं. ती पुढच्या गाडीवाल्याला त्याच्या नावानं नमस्कार करायची आणि जायची. पण जाताना मान त्या रिकाम्या जागेकडं.

शेलार वहिनी गावाहून परत आल्या आणि गाडी पूर्णवेळ माझ्याकडं आली. पहिल्याच सकाळी मी पहाटे येऊन पहिला नंबर लावला. दामूची सवय गाडीला होती, मला ओढत घेऊन आली म्हणा. मनात सगळी तयारी करून ठेवली होती. मामी आली की उतरायचं, हात जोडायचे, म्हणायचं, मामी, दामू गेला, मी भिकाजी. दाढी केली होती. खाकी सदऱ्याला इस्त्री.

गेट उघडलं. मामी बाहेर आली. त्या गाडीचा एक पत्रा सैल होता, इंजिन चालू असलं की तो दात वाजल्यासारखा वाजायचा. तो आवाज तिच्या कानावर पडला मात्र... त्या चेहऱ्याचं मी काय सांगू? आठवडाभर उपाशी माणसाच्या पुढ्यात वाफाळता भात यावा, तसा तो चेहरा झाला.

"आलात!" ती म्हणाली. पिशवी कोपरात गेली, हात जुळले. "नमस्कार, दामोदरराव."

आणि थांबली.

पांढरा सदरा आणि खाकी सदरा यातला फरक तिला दिसत नव्हता. मी तोंड उघडलं. मागच्या गाड्यांतले सगळे माना बाहेर काढून बघताहेत. हा कर्णा गेटात, त्याच्या मागं हौसाबाई हातात झाडू घेऊन. मामी हात जोडून उभी. मी, जो या स्टँडवर झोपेतसुद्धा बोलतो म्हणून ठाऊक आहे, त्या मला एक शब्द फुटेना. आणि हात आपोआप भोंग्याकडं गेला. अर्धाच दाबला.

प...

मामी हसली आणि बसली.

परत आलो तर हौसाबाई कंबरेवर हात ठेवून उभी. "हे काय केलंस रे मुडद्या?"

"तू सांग ना मग तिला!"

"सांगते दुपारी निवांत. आजचा दिवस सांभाळलास, आता गप बस."

तिची दुपार काही निवांत निघाली नाही. दुसऱ्या दिवशी परत नमस्कार, परत भोंगा. तिसऱ्या दिवशी तर मी भोंग्यावर हात ठेवूनच बसलो होतो. अशी ती गोष्ट सुरू झाली आणि थांबवणार कोण? मी गाडीत बोललो तर आवाजावरून कळणार. म्हणून छेडानगर येईपर्यंत मी मुका. पाठीमागं बसलेली बाई बोलतेय, रस्त्यात तऱ्हेतऱ्हेच्या गमती दिसताहेत, सायकलवाला पडतोय, म्हैस सिग्नलला थांबतेय, आणि मी तोंड शिवून! उतरवून परत येताना मी वाटेत दिसेल त्याच्याशी बोलत यायचो, नाहीतर पोट फुगलं असतं.

स्टँडवर पोरं मला छळायची. "नमस्कार, दामोदरराव!" म्हणायची. एकजण म्हणाला, "भिक्या, दुसऱ्याचा मान खातोस, पचतो का?" मी म्हटलं, तंबाखू खाण्यापेक्षा बरा. तोंडानं म्हटलं. पण पचत नव्हता, खरं सांगतो. रोज सकाळी ती बाई माझ्यासमोर तीन हातांवर उभी राहून इतक्या मायेनं हात जोडायची, आणि नाव दुसऱ्याचं. घरावर पत्र यावं, पत्ता आपला, दार आपलं, आणि पाकिटावर मागच्या भाडेकरूचं नाव. फोडता येत नाही आणि परतही पाठवता येत नाही.

एकदा ठरवलं. आज बोलायचंच. गाडी पोस्टासमोर बाजूला घेतली, मागं वळलो. मामीला वाटलं देऊळ आलं. मग म्हणाली, "नाही का आलं? असू दे. दामोदरराव, तुम्हाला एक सांगू? तुम्ही गावी गेलात तेव्हा मला वाटलं, आता तुम्हीही येणार नाही. आमचे हे गेले, कामाक्षी लांब गेली. घरात दिवसभर कुणी मला हाक मारत नाही. शिष्या येतात, त्यांना सूर हवा असतो. सकाळी मी नमस्कार करते आणि चार जण उत्तर देतात, तेवढ्यावर माझा दिवस उभा राहतो. तुमचा भोंगा शेवटचा असतो ना, तो दुपारपर्यंत कानात राहतो."

मी परत पुढं वळलो. गाडी चालू केली.

पण मन काही ऐकत नव्हतं. मी गेलो शेलार वहिनींकडं, गाडीच्या हप्त्याच्या निमित्तानं. त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, वहिनी, दामूच्या नावानं हे नाटक मला जमत नाही. तुम्ही बाई आहात, त्याच्या घरच्या आहात, तुम्ही मामीला सांगा. एकदाचं मोकळं करा मला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. नुसतं म्हणाल्या, "किती वाजता येतात त्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आल्या. मी म्हटलं, सुटलो. आज मामीला कळेल, ती दोन दिवस रडेल, आणि मग तिसऱ्या दिवशी माझ्याकडं वळून विचारेल, तुमच्याकडे मोठ्या माणसाला काय म्हणतात? मी म्हणणार होतो, राव. राव म्हणतात, मामी.

वहिनी माझ्या गाडीच्या मागं, हुडाला टेकून उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर. मामी आली. पिशवी कोपरात. हात जुळले.

"नमस्कार, दामोदरराव."

मी वाट बघत होतो वहिनी पुढं येतील म्हणून. आल्या नाहीत. मी आरशात पाहिलं. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि डोळे मिटून घेतले होते. मामी उत्तरासाठी थांबलेली. वहिनींनी हुडावर थाप मारली, हळूच, दोनदा. दाब म्हणून.

मी भोंगा दाबला.

देवळातून परत आलो तर वहिनी टपरीवर बसून होत्या. म्हणाल्या, "भिकाभाऊजी, आता घरी त्यांचं नाव कुणी घेत नाही. पोरं घेत नाहीत, मला रडू येईल म्हणून. सासूबाई घेत नाहीत. नुसतं 'गेल्यापासून, गेल्यापासून' चाललेलं असतं. कोण गेलं ते कुणी बोलत नाही. इथं एका तोंडात ते रोज सकाळी जिवंत असतात. राव लावून. राहू द्या तेवढं." आणि मग म्हणाल्या, "मी मधनंअधनं ऐकायला आले तर चालेल?"

 मी टपरीवाल्याला वहिनींसाठी एक चहा सांगितला.

त्यानंतर वहिनी कधी संकष्टीला, कधी नुसत्याच यायच्या. हुडाला टेकून उभ्या राहायच्या, नमस्कार ऐकायच्या, भोंगा ऐकायच्या आणि रेशनच्या दुकानात निघून जायच्या. मामीला कधी कळलं नाही. आणि मी? मी मधल्यामध्ये. एका बाईचा नमस्कार दुसऱ्या बाईपर्यंत पोचवणारी रिक्षा. माझ्यातून तो जायचा, मला कुठं लागायचा नाही. रात्री पडल्या पडल्या मी पुटपुटायचो, नमस्कार भिकाजीराव. कसा वाटेल तो आवाज? त्या "भि"वर ती जोर देईल का? तमिळ माणसं द च्या जागी त आणि त च्या जागी द म्हणतात कधीकधी, तर माझ्या भ चं काय करेल? ब करेल का? बिकाजीराव? केला तरी चाललं असतं. बिकाजीराव तर बिकाजीराव.

"चाचा, तुमचे डोळे," इरफान म्हणाला.

धूळ आहे. मेट्रोवाले खणतायत ना.

मग कामाक्षी आली कोइम्बतूरहून. कुणा मोठ्या डॉक्टरनं सांगितलं होतं, मोतीबिंदूही आहे वरून, तो काढला तर थोडंफार दिसेल. सगळ्या बिल्डिंगला आनंद. जोखूनं लिफ्टच्या पितळेला चिंच लावली. कर्णानं टोपीचा बिल्ला घासला, मामीला पहिल्यांदा चेहरा दिसणार म्हणून. हौसाबाई नवं लुगडं नेसून आली आणि ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे हे कळल्यावर तिनं ते परत घडी घालून ठेवलं.

आणि माझी झोप उडाली. दिसायला लागलं की मामी गाडीसमोर उभी राहणार आणि बघणार, की पुढं दामोदरराव नाही. खाकी सदऱ्यातला कुणी परका बाप्या भोंगा धरून बसलाय. इतके दिवस फसवलं म्हणेल? बसणार नाही गाडीत? की विचारेल, दामोदरराव कुठं आहेत, आणि मग मला सांगावं लागेल, आणि तिच्या तोंडातला दामू त्या क्षणी मरेल, वहिनींचाही? असं एकीकडं. आणि दुसरीकडं, लाज वाटते सांगायला, मी दाढी रोज करायला लागलो. आज येईल, उद्या येईल. बघेल. मला बघेल. माझ्यापुढं थांबेल, आणि नाव विचारेल.

ती हॉस्पिटलात गेली त्या दिवसापासून मी पहिला नंबर सोडला नाही. लांबचं भाडं आलं, विमानतळाचं आलं, नाही म्हटलं. मागचे शिव्या द्यायचे. मी जागचा हललो नाही.

आणि एक दिवस गेट उघडलं. आता ऐका, हेच ते, जे तुम्ही मानणार नाही. मामी आली. डोळ्यांवर काळा चष्मा, कामाक्षीचा हात धरलेला. तिनं तो हात सोडला. कर्णासमोर थांबली, चष्मा काढला, त्याच्याकडं डोळे भरून पाहिलं. "नमस्कार, कर्ण दाजू. तुम्ही इतके लहान आहात?" हा ढसाढसा रडला. मग रस्ता ओलांडून, कुणाचा आधार न घेता, सरळ माझ्या गाडीपुढं. उन्हं तिच्या पाठीमागनं पडलेली, साडीचा काठ असा झगझगीत. तिनं माझ्या खाकी सदऱ्याकडं पाहिलं. चेहऱ्याकडं पाहिलं. रागावली नाही. विचारलंही नाही काही. पिशवी कोपरात सरकवली, अख्खं अंग वळवलं आणि हात जोडले. म्हणाली, "दामोदरराव गेले हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यांच्या भोंग्याला तंबाखूचा वास यायचा. तुम्ही किती दिवस गप्प बसलात!" आणि मग म्हणाली, लख्ख, भ चा भच, ब नाही, "नमस्कार, भिकाजीराव." आणि थांबली. मी उत्तर दिलं नाही. मुद्दाम दिलं नाही. ती उभी राहिली, मी बघत राहिलो, सगळी लाइन थांबली, हॉर्न बंद पडले, कावळे...

"खोटं!" कर्णा म्हणाला.

तो खुर्चीतून उठून उभा राहिला होता. "खोटं बोलतोस, भिक्या. मामी परत घरात आलीच नाही. मुलगी तिला हॉस्पिटलातनंच कोइम्बतूरच्या गाडीला घेऊन गेली. जाताना टॅक्सी इथं सामानासाठी थांबली, ते सामान मी ठेवलं डिकीत. डोळ्यांना पट्टी होती तिच्या. तू लाइनीत नव्हतास. रात्रंदिवस बसला होतास आणि नेमका त्या वेळी पेट्रोल भरायला गेला होतास. ती काच खाली करून बसली होती, टॅक्सीवाला चला चला म्हणत होता, आणि ती विचारत होती, 'दामोदरराव आले नाहीत का आज?' तुझं नाव तिला कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं."